आधी पाय, आधी सूर की आधी कान?

"हिला सूरच नाही," असं सांगून गाण्याच्या वर्गातून परत पाठवलेली एक पोर आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी आहे. तिच्यामुळे आम्ही शोधलं, लहान मुलांना संगीत शिकवायच्या वाटा तरी किती? मोठ्या तीन सापडल्या.

पहिली पायांची. १८९२ साली एमिल जाक-दालक्रोझ जिनिव्हाच्या संगीतशाळेत शिकवू लागले. विद्यार्थ्यांची बोटं सफाईनं चालत, पण लय सुटायची. तीच मुलं रस्त्यानं मात्र एका ठेक्यात चालत! मग त्यांनी लय आधी पायांत आणली. शिक्षक पियानो वाजवणार, मुलं त्यावर चालणार. गत वाढली की धावणार, थांबली की थांबणार.

दुसरी सुरांच्या नावांची. हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांनी विसाव्या शतकात तिचा आग्रह धरला, पण बीज जुनं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या नॉरिचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेनं 'डो-रे-मी'ची सोपी पद्धत बसवली. जॉन कर्वेन यांनी तिला हाताच्या खुणा जोडल्या. यातला 'डो' आपल्या 'सा'सारखाच, ज्याच्या त्याच्या पट्टीत बसणारा. सुरुवात मात्र 'सा'पासून नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी प आणि ग, नंतर ध. मुलं खेळताना एकमेकांना हाका मारतात, त्यात हेच सूर येतात. गाणं आधी तोंडी पाठ होतं, मग सुरांना नाव आणि खूण मिळते, लिहिणं त्याहून पुढे.

तिसरी कानाची. जपानचे शिनिची सुझुकी यांच्या लक्षात आलं, की जपानी बोलायला अवघड, तरी प्रत्येक जपानी मूल ती बोलतं; कारण ते आईचं ऐकतं. म्हणून त्यांच्या पद्धतीत मूल रोज घरी तेच तुकडे ऐकतं. आई किंवा वडील वर्गात बसतात, बऱ्याचदा आधी स्वतः व्हायोलिनवर थोडं शिकतात. वाचन नंतर.

प्रत्येकीत एक उणीव राहू शकते, आणि ती घरी ओळखता येते. कानानं शिकलेल्या मुलापुढे नवं लिहिलेलं गाणं ठेवा. अडलं तर वाचन मागे राहिलंय. नावांनी शिकलेलं मूल खुणा बरोबर करतं आणि सूर चुकवतं, तर नावं पाठ झालीत, कान तयार नाही. पायांनी शिकलेलं ठेका सोडत नाही, पण गाताना घसरतं, तर त्याला गायला कमी मिळालंय.

आमच्या त्या पोरीला ताईंनी पेटीवर सा दाबून गायला लावलं, की सूर लागायचा नाही. पण "आ-ई" अशी प-ग वर हाक मारून तिच्याकडून परत म्हणवली, तर तिसऱ्या दिवशी दोन्ही सूर बरोबर आले. सूर तिच्याकडे होता. तो वर्ग तिच्यासाठी चुकीच्या टोकापासून सुरू झाला होता.