फ्लोटिंग पॉइंट : ०.१ + ०.२ मधील त्रुटी

संगणकात अपूर्णांक साठवण्याची द्विमान पद्धत. ज्याचा छेद दोनचा घात आहे, असाच अपूर्णांक तिच्यात अचूक बसतो. एक दशांशाच्या छेदात पाच असल्याने तो द्विमानात ०.०००११००११… असा न संपता लांबतो. आयईईई ७५४ मानकाच्या (१९८५) ६४ बिटी रचनेत तो ५३ सार्थ अंकांपर्यंत गोल केला जातो. त्यामुळे ०.१ आणि ०.२ मुळापेक्षा किंचित मोठे, तर ०.३ किंचित लहान साठवले जातात. लक्षणीय म्हणजे, साठवलेल्या ०.१ व ०.२ यांची बेरीज दोन शेजारी संख्यांच्या नेमकी मध्यावर पडते. अशा वेळी शेवटचा बिट शून्य असलेली संख्या निवडावी, असा नियम आहे. ती वरची निघते आणि पायथनमध्ये `0.30000000000000004` दिसते. म्हणून अशा संख्या `==` ने ताडू नयेत. त्यांतील फरक पुरेसा लहान आहे का, ते पाहावे. पैशांचा हिशेब पूर्णांक पैशांतच ठेवावा.