सिगारेट सोडली अन् पोट सुटलं? वजन का वाढतं, ते कसं आवरायचं

मिरा-भाईंदर : सिगारेट सोडल्यावर महिन्याभरात पॅन्ट कमरेत घट्ट होऊ लागते आणि 'यापेक्षा ओढत होतो तेच बरं' असं म्हणत अनेकजण पुन्हा टपरीवर जातात. मुळात वजन का वाढतं, ते आधी समजून घ्यायला हवं.

निकोटिनमुळे भूक मरते आणि शरीर बसल्याजागीही थोडी जास्त ऊर्जा जाळतं. सिगारेट बंद झाली की दोन्ही गोष्टी पूर्ववत होतात. त्यात जिभेची चव परत येते आणि हाताला, तोंडाला चाळा लागतो. वर्षभरात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढतं. त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांतच. काहींचं मात्र अजिबात वाढत नाही.

समजा, भाईंदरहून रोज लोकलने चर्चगेटला जाणाऱ्या एकाने दिवसाच्या दहा सिगारेटी सोडल्या. तलफ आली की तो दोन ग्लुकोज बिस्किटं आणि साखरेचा कटिंग घेतो. एका वेळचे साधारण शंभर कॅलरी होतात. दिवसातून तीनदा म्हणजे तीनशे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे हिशेबाने महिन्याभरात किलोभर वजन वाढतं, जेवण तेवढंच असूनही!

उपाय याच तीन वेळांवर करायचा. तलफ बहुधा काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप किंवा लवंग चघळा, काकडी-गाजर खा. खिशात भाजलेले चणे ठेवा, पण मूठभरच. चहा बिनसाखरेचा किंवा अर्ध्या साखरेचा घ्या. टपरीवरचा चहाच सिगारेटची आठवण काढत असेल, तर काही आठवडे तो घरीच प्यायलेला बरा. संध्याकाळी स्टेशनवरून शेअर रिक्षा न धरता अर्धा तास भरभर चाला. त्यात सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात आणि तलफही कमी होते.

पहिल्या महिन्यात कडक डाएट किंवा उपास करू नका. पोट रिकामं राहिलं की तलफ जोर धरते. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वेळी करा. सिगारेटऐवजी गुटखा, मशेरी किंवा तंबाखू धरली तर निकोटिन सुटलेलंच नसतं. निकोटिनच्या च्युइंगमने वजनवाढ काही काळ लांबते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

मधुमेह असलेल्यांनी सिगारेट सोडल्यावर साखर वरचेवर तपासावी. औषधाचा डोस बदलावा लागू शकतो. खूप तहान, वारंवार लघवी किंवा पायाला सूज असेल तर डॉक्टरांना दाखवावं. चार-पाच किलो वाढलं तरी सिगारेट सोडण्याचा हृदयाला होणारा फायदा त्याहून मोठा आहे, हे लक्षात ठेवा.

तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन (टोल फ्री) : १८००-११-२३५६