विडीचे सूप आणि बिस्किटाचा पुडा

लहान मुलांचा आहार हा डॉक्टरांचा विषय. त्यात कामगार चळवळीतल्या माणसाने का बोलावे, असे कोणी विचारील. पण आमच्या गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न विडीच्या सुपापाशीच उभा राहतो.

तेंदूची जंगले आणि रेल्वे यांच्या आधाराने येथील विडीधंदा वाढला. १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला. पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली असावी, असे त्याने ठरविले. परंतु विडी जेथे घरीच वळली जाते, तेथे ही खोली कोण देणार? मजुरी हजार विड्यांमागे मिळते. आईचा हात थांबला की मजुरीही थांबते. मुलाला मऊ भात कालवून भरविण्यास वेळ लागतो. पुडा क्षणात फुटतो.

साखर एके काळी गरिबाघरी सणावारालाच येई. १९५० नंतर प्रवरानगरच्या वाटेने सहकारी साखर कारखाने वाढले, साखर मुबलक झाली, आणि पुढे बिस्किटांच्या स्वस्त पुड्यांतून ती खेडोपाडी रोज पोहोचू लागली.

आता हिशेब करू. अनेक ग्लुकोज बिस्किटांच्या वेष्टनावर शंभर ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम साखर छापलेली असते. म्हणजे पन्नास ग्रॅमच्या पुड्यात साडेबारा ग्रॅम, सुमारे तीन चहाचे चमचे. दीड वर्षाच्या मुलाचे पोट वाटीभर. ते बिस्किटाने भरले, की वरण, भाजी, अंडे यांना जागा उरत नाही. मूल शांत दिसते, पण त्याला लोह आणि प्रथिने मिळत नाहीत. दातांवर साखर चिकटते, ते किडतात.

मिठाचे तसेच. वेष्टनावर मीठ नव्हे, ‘सोडियम’ लिहिलेले असते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. खारट-गोडाची चव या वयात जिभेवर बसते, मग साधे वरण मुलाला अळणी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले, की सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत जास्त साखर-मिठाचे पदार्थ आणि गोड पेये देऊ नयेत. घरी करावयाचे इतकेच: वरण शिजले की मीठ-तिखट घालण्याआधी मुलाची वाटी बाजूला काढावी. वर्षाच्या आत मीठ-साखर वरून घालू नये. वर्षानंतर घरच्या जेवणातले थोडे मीठ चालते. ते मात्र आयोडीनयुक्त असावे.

पण वाटी बाजूला काढणाऱ्या आईला ती भरविण्यास वेळही हवा. घरी विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या वस्तीत पाळणाघर मिळावे, ही मागणी आम्ही म्हणूनच मजुरीच्या दराच्या मागणीशेजारी मांडतो.