सनदेवरचा शिक्का

इतिहासाच्या पोटात कथा असते असे म्हणतात. मला मात्र कथेपायी इतिहासात शिरावे लागले. त्र्यंबकेश्वरच्या एका दफ्तरी कारकुनावर गोष्ट लिहावी असे मनात होते. जुन्या इनामी जमिनीचा कागद त्याच्या हाती येतो आणि त्याला शिक्का किंचित चुकलेला दिसतो, एवढेच बीज होते. पण चुकलेला म्हणजे नेमका कसा? तेवढे कळल्याखेरीज लेखणी पुढे सरकेना.

पेशव्यांच्या सनदेचे रूप प्रथम पाहू. मजकूर मोडीत असतो. तारखेचे साल अरबी शब्दांत, 'खमस खमसैन मया व अलफ' असे. म्हणजे पाच, पन्नास, शंभर आणि हजार मिळून ११५५. हे सुहूर सन. मृगापासून ते सुरू होते आणि त्यात ५९९ मिळवले की इसवी सन निघतो. तेव्हा आपला कागद १७५४च्या मृगापासून १७५५च्या मृगापर्यंतचा. शेवटी 'लेखनसीमा' हे छोटे मोर्तब. त्याच्या पुढे कोणी अक्षर वाढवू नये म्हणून. आणि मोठा शिक्का बाळबोध लिपीत, म्हणजे मोडी न येणाऱ्यालाही वाचता येईल असा. त्यात आधी छत्रपतींचे नाव, मग 'नरपति हर्षनिधान', आणि त्याखाली पेशव्यांचे नाव व 'प्रधान' हे पद.

माझ्या कारकुनापुढच्या कागदावर नानासाहेबांचे, म्हणजे बाळाजी बाजीरावांचे नाव आहे. त्र्यंबकेश्वराचे आजचे दगडी देऊळ उभारणारे हेच पेशवे, तेव्हा गावात या नावाचा कागद निघाला तर कोणाला नवल वाटणार? अक्षर वळणदार, साल बरोबर, पेशवेही बरोबर. पण त्यांच्या वर नाव आहे ते 'राजा शाहू'.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ला वारले. त्यांच्या मागे रामराजे गादीवर आले आणि पेशव्यांच्या शिक्क्यात 'राजाराम' हे नाव आले. या रामराजांची कहाणी मोठी करुण आहे. १७५०च्या नोव्हेंबरात ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. राज्य चालत होते पुण्याहून, राजा होता कोठडीत, आणि तरी साऱ्या मुलखातले इनाम त्याच्याच नावाच्या शिक्क्याने दिले जात होते! लोकांच्या ओठी मात्र थोरले शाहू महाराजच राहिले. खोटा शिक्का कोरवणाराही त्या लोकांतलाच. घरातला एखादा जुना, खरा कागद त्याने कारागिरापुढे नमुना म्हणून ठेवला असावा. राजा मधल्या काळात बदलला हे त्याच्या ध्यानी कुठून येणार?

पण १७५५ हेच साल त्याने का निवडले? इथे आपल्याला शंभर वर्षे पुढे यावे लागते. इंग्रजांनी इनामांची तपासणी आरंभली आणि १८५२च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले. सनदा पुण्याच्या पेशवे दफ्तराशी ताडून पाहिल्या जाऊ लागल्या. कायद्यात एक सवलत होती: इंग्रजी अमलापूर्वी साठ वर्षे जमीन अखंड इनाम चालली असेल आणि ती मूळ इनामदाराच्या नातवाकडे किंवा त्याच्या वंशजाकडे असेल, तर ती पुढे चालवावी. त्र्यंबक इंग्रजांकडे गेले १८१८त. त्यातून साठ वजा केले की १७५८ येते. घराण्याला जमीन खरोखर मिळाली १७७०च्या सुमारास, असे धरा. मग साठ वर्षे भरत नाहीत. सनद तीन वर्षे अलीकडची नको, पलीकडची हवी. म्हणून १७५५!

मात्र कारकुनाने लगेच 'खोटी' असा शेरा मारणे शहाणपणाचे नव्हे. कागद १७५०च्या आरंभीचा असता तर नवा शिक्का तयार होईतो जुनाच वापरला, असे म्हणायला जागा होती; पाच वर्षांनंतर ती उरत नाही. दुसरे असे की, बनावट कागद काढणाऱ्याची जमीन बनावटच असते असे नाही. मूळ सनद वाळवीने खाल्ली, पुरात गेली, म्हणून भ्यालेल्या वारसाने दुसरी करवून घेतली असेल. म्हणून खरी परीक्षा दफ्तरात. सनद दिली असेल तर सरकारी दफ्तरात तिची नोंद हवी, गावच्या हिशेबात त्या जमिनीची वजावट दिसायला हवी.

आणि उलटा धोकाही आहे. १७७७च्या डिसेंबरात रामराजे वारले आणि त्यांच्या मागे जे छत्रपती झाले त्यांचेही नाव शाहूच! तेव्हा सवाई माधवरावांच्या १७८०च्या सनदेवर 'शाहू' दिसले तर ते अगदी बरोबर आहे. अर्धवट माहितीचा कारकून तिथे एका खऱ्या घराण्याची भाकरी काढून घेईल.

माझ्या गोष्टीतला कारकून म्हातारा आहे. त्याला दोन्ही शाहू ठाऊक आहेत. समोर बसलेल्या वारसाला तो काही बोलत नाही. कागदाची घडी घालतो आणि सोबतच्या टिपणावर बारीक मोडीत लिहितो: 'शिक्का थोरल्या शाहू महाराजांचा, साल रामराजांचे. गावचे जुने हिशेब मागवावे. पुणे दफ्तराशी रुजुवात व्हावी.'