कट-सीनची घडण : १९८० ते १९९८

संगणकीय खेळात खेळाडूच्या हातातील सूत्रे काही क्षण काढून घेऊन जे लहान चलच्चित्र दाखविले जाते, त्यास कट-सीन म्हणतात. हा प्रकार चित्रपटाच्या अनुकरणातून निघाला असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु ते अर्धेच खरे होय. चित्रपटातील प्रसंग संपल्यावर प्रेक्षकाला काही करावयाचे नसते. कट-सीन संपताच खेळाडूला मात्र त्याच पात्रांसह पुढे खेळावयाचे असते. म्हणून दृश्य कोठे घडत आहे, ते वगळल्यास काय होईल आणि पडद्यावरील पात्र आपलेच आहे काय, हे तीन प्रश्न येथे उभे राहतात.

नाम्को कंपनीच्या 'पॅक-मॅन' (१९८०) या खेळात दुसरा टप्पा संपल्यावर एक छोटे दृश्य येते. भूत पॅक-मॅनला उजवीकडून डावीकडे पिटाळते; लगेच तेच भूत निळे होऊन उलट दिशेने पळते आणि मागे प्रचंड आकाराचा पॅक-मॅन असतो. येथे कॅमेरा स्थिर आहे. शब्द एकही नाही. केवळ दिशा व आकार पालटल्याने विनोद कळतो.

जॉर्डन मेकनर याने 'कराटेका' (१९८४) या खेळात हेच दिशेचे तत्त्व दृश्यांच्या जोडणीस लावले. नायक डावीकडून उजवीकडे धावतो. मध्येच पडद्यावर शत्रूचा वाडा येतो, अकुमा पहारेकऱ्यास धाडतो आणि तो पहारेकरी उजवीकडून डावीकडे धावू लागतो. दोघे एका चौकटीत येण्यापूर्वीच त्यांची गाठ पडणार हे खेळाडूस उमगते. पहारेकरीही नायकाच्याच दिशेने धावताना दाखविला असता, तर तो पळून जात आहे असा समज झाला असता. कॅमेऱ्याचा छेद स्पष्ट असणे म्हणजे स्थळ बदलले तरी दिशा न बदलणे, हे यावरून दिसून येते.

'कट-सीन' या शब्दाचे श्रेय रॉन गिल्बर्ट यास दिले जाते. गॅरी विनिकसह त्याने रचलेल्या लुकासफिल्म गेम्सच्या 'मॅनियाक मॅन्शन' (१९८७) या खेळासाठी जी आज्ञावलीची भाषा तयार झाली, तीत `cut-scene` ही आज्ञाच होती. ती सुरू होताच खेळाडूच्या आज्ञा बंद होत, कॅमेरा दुसऱ्या खोलीत जाई आणि दृश्य संपल्यावर पूर्ववत परत येई. तिच्या जोडीला `override` हा भाग होता. खेळाडूने दृश्य वगळण्याची कळ दाबल्यास अंमल थेट त्या भागाकडे जाई.

या योजनेचे मर्म एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, दारावरची घंटा वाजते आणि घरातील एड हा पात्र आपली खोली सोडून खाली जातो, असे दृश्य आहे. खेळाडूने ते पहिल्याच क्षणी वगळले, तर एड चालताना दिसणार नाही. परंतु तो खोलीत राहूनही चालणार नाही, कारण त्याच्या रिकाम्या खोलीत शिरणे हीच पुढची चाल आहे. म्हणून वगळण्याच्या भागात एडला थेट खालच्या जागी ठेवण्याची आज्ञा लिहावी लागते. ती राहून गेल्यास दृश्य पाहणारा आणि वगळणारा असे दोघे दोन निरनिराळे खेळ खेळू लागतात. हा दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. तेच दृश्य एकदा पूर्ण पाहावे, एकदा आरंभी वगळावे, एकदा मध्येच वगळावे. आणि तिन्ही वेळा पात्रांच्या जागा, दारे व वस्तू ताडून पाहाव्यात.

तिसरा प्रश्न त्रिमित चित्रांच्या काळात तीव्र झाला. 'फायनल फँटसी ७' (१९९७) या खेळात क्लाउड हा नायक भटकंतीत ठेंगणा व ठोकळ्यासारखा, लढाईत उंच, तर काही चित्रफितींत याहूनही निराळा दिसतो. चित्रफिती आधीच तयार करून तबकडीवर साठविलेल्या असल्याने खेळाडूने नायकाच्या हाती दिलेले नवे शस्त्र त्यांत उमटणे शक्य नव्हते. मूळ प्लेस्टेशन आवृत्तीत त्या वगळताही येत नसत.

हिदेओ कोजिमा याच्या 'मेटल गिअर सॉलिड' (१९९८) मध्ये बहुतेक दृश्ये खेळातीलच मॉडेलांनी त्याच क्षणी रेखाटली जात. पात्राची ओळख त्यामुळे अखंड राहिली. परंतु त्याची किंमतही द्यावी लागली. त्या साध्या मॉडेलांना हलणारे ओठ नव्हते, म्हणून कोण बोलत आहे हे मान हलवून सुचवावे लागले. शिवाय मॉडेल जुळले, वगळण्याची सोय झाली, तरी दृश्ये आखूड झाली नाहीत. या खेळातील कित्येक दृश्ये दीर्घ आहेत. वगळण्याची कळ लांबीचा दोष झाकते, दूर करीत नाही. पुढील चालीसाठी अवश्य असलेली माहिती केवळ दृश्यातच ठेवली, तर ते वगळणाऱ्यापुढे खेळाची स्थिती अचूक असूनही तिचा अर्थ हरवलेला असतो.