क्रुस्कल आणि प्रिम यांच्या पद्धती : एक ऐतिहासिक तुलना

सर्व बिंदू जोडणारे, एकूण लांबी किमान असलेले जाळे म्हणजे लघुतम विस्तारी वृक्ष होय. ते शोधण्याच्या दोन ग्रीडी पद्धती पाठ्यपुस्तकांत युनियन-फाइंड व प्रायॉरिटी क्यू या रचनांसह शिकविल्या जातात. त्यामुळे या रचना मूळ लेखांतच होत्या असा समज होतो. वस्तुतः जोसेफ क्रुस्कल यांचा लेख १९५६ चा व रॉबर्ट प्रिम यांचा १९५७ चा आहे. गॅलर व फिशर यांची युनियन-फाइंड रचना आणि विल्यम्स यांचा हीप मात्र १९६४ चे आहेत. प्रिम यांची पद्धत तर चेक गणिती यार्निक यांनी १९३० मध्येच मांडली होती.

क, ख, ग, घ, च ही पाच ठिकाणे घेऊ. अंतरे अशी : कख २, गघ ३, कग ४, खग ५, घच ६, खच ८. क्रुस्कल यांच्या पद्धतीत कडा चढत्या क्रमाने तपासतात. कख व गघ घेतल्यावर दोन सुटे तुकडे होतात. कग त्यांना जोडते. खग घेताना मात्र दोन्ही टोके आधीच एका तुकड्यात असल्याने ती सोडावी लागते, अन्यथा चक्र निर्माण होईल. शेवटी घच. एकूण लांबी १५. ‘टोके एकाच तुकड्यात आहेत काय?’ या प्रश्नाचे उत्तर युनियन-फाइंड त्वरित देते.

प्रिम यांची पद्धत क पासून निघते आणि एकच तुकडा वाढविते : कख, कग, गघ, घच. येथेही १५, पण क्रम निराळा. ख घेतल्यावर च चे अंतर ८ नोंदले जाते, घ आल्यावर ते ६ होते. ‘बाहेरील सर्वांत जवळचा बिंदू कोणता?’ हे प्रायॉरिटी क्यू सांगते.

खरा वाद स्मृतीचा होता. डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रिम यांच्यासारखीच पद्धत मांडताना क्रुस्कल यांच्या पद्धतीवर नेमका आक्षेप घेतला : तीत सर्व कडा एकाच वेळी साठवाव्या लागतात. १००० बिंदू परस्परांशी जोडलेले असल्यास कडा ४,९९,५०० होतात. डाइक्स्ट्रा यांच्या पद्धतीत एका वेळी फार तर १००० कडांची माहिती पुरते. तत्कालीन यंत्रांची तोकडी स्मृती पाहता हा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट लक्षात येते. साध्या यादीने प्रिम यांची पद्धत चालविल्यास सुमारे दहा लाख तुलना होतात. हीप वापरल्यास, प्रत्येक कडेमागे अंतर घटत गेले तर, ही संख्या पन्नास लाखांच्या घरात जाऊ शकते. म्हणजे दाट जाळ्यात नवी रचना उलट महाग पडू शकते. विरळ जाळ्यात मात्र हीपचा लाभ स्पष्ट असतो; तेथे क्रुस्कल यांची पद्धतही सोयीची ठरते, कारण तिचा मुख्य खर्च कडा क्रमवार लावण्यातच होतो.