मेघगर्जनेच्या देवतांची आयुधे

मेघगर्जनेच्या देवतांची आयुधे म्हणजे वीज, गडगडाट आणि वादळ यांच्या अधिष्ठात्री देवतांच्या हाती कल्पिलेली शस्त्रे होत. वैदिक इंद्राचे वज्र, ग्रीक झ्यूसचा विद्युद्बाण, नॉर्स थोरचा हातोडा, पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या शांगोची दुधारी कुऱ्हाड ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. एकमेकांपासून दूर असलेल्या समाजांत ही आयुधे बहुधा फेकण्याची, भोसकण्याची किंवा ठोकण्याची असतात. वीज माणसाला तीन प्रकारे प्रत्ययास येते: दिसते, ऐकू येते आणि मागे खूण ठेवते. या तीन अनुभवांवरून आयुधांच्या बऱ्याचशा आकारांचा उलगडा होतो.

दिसणारी वीज : भाला आणि बाण

ढगातून जमिनीकडे येणारी वीज डोळ्यांना रेषेसारखी दिसते. ती वरून खाली येते, तिला टोक असते आणि ती क्षणात लक्ष्य गाठते. दुरून फेकलेल्या भाल्याचे किंवा सोडलेल्या बाणाचे वर्णनही असेच करता येते. सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित या प्राचीन नगरात सापडलेला बाल देवाचा शिलापट्ट सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावर देवाने एका हातात गदा उगारली असून दुसऱ्या हातात टोक खाली केलेला भाला धरला आहे. भाल्याचा वरचा भाग वनस्पतीसारखा फुटलेला आहे. काही अभ्यासक त्यात विजेचे फाटे पाहतात, तर काही पावसाने उगवणारे अंकुर. भाला आणि गदा ही दोन्ही आयुधे येथे एकाच मूर्तीत आली आहेत.

ऐकू येणारी वीज : हातोडा आणि जाते

विजेच्या मार्गातील हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि एकाएकी प्रसरण पावते. त्या धक्क्याचा आवाज म्हणजे गडगडाट. ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. वीज अगदी जवळ पडली, तर प्रथम एकच कोरडा, कानठळ्या बसवणारा तडाखा ऐकू येतो. ऐरणीवर पडलेल्या घणाची आठवण करून देणारा हा आवाज आहे. लोहाराच्या भट्टीपाशी ठिणगी आणि ठोका यांचा उगम एकाच घावात असतो, त्यामुळे हातोड्याची उपमा प्रकाश व ध्वनी या दोहोंना लागू पडते.

दूरच्या विजेचा आवाज मात्र लांबतो. रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. तेथे घाटमाथ्याच्या बाजूला वीज चमकली आणि तिच्या मार्गाचे जवळचे टोक ऐकणाऱ्यापासून एक किलोमीटरवर, तर दूरचे टोक पाच किलोमीटरवर आहे असे समजू. पहिला आवाज सुमारे तीन सेकंदांनी येईल आणि शेवटचा सुमारे पंधरा सेकंदांनी. म्हणजे डोळ्यांना क्षणभर दिसलेली वीज कानांना जवळजवळ बारा सेकंद ऐकू येईल. डोंगरांवरून उमटणारे प्रतिध्वनी हा काळ आणखी वाढवतात.

अशा लांबलेल्या आवाजाला हातोडा शोभत नाही. महाराष्ट्रात मुलांना गडगडाटाचे कारण सांगताना आभाळात म्हातारी हरभरे भरडते आहे असे म्हणतात. तेथे शस्त्राऐवजी जाते आले आहे. जपानी राइजिन ढोल वाजवतो, हेही याच प्रकारचे उदाहरण होय. थोरच्या हातोड्याचे नाव ‘म्योलनिर’ हे दळणे किंवा चिरडणे या अर्थाच्या धातूपासून आले, असे एक मत आहे. दुसरे मत त्याचा संबंध वीज या अर्थाच्या स्लाव्ह शब्दाशी जोडते.

मागे उरलेली खूण : कुऱ्हाड आणि दगड

झाडावर वीज पडली, की सालीखालील ओलाव्याची एकदम वाफ होते. तिच्या दाबाने साल उचकटते आणि खोडावर वरून खाली लांब पट्टा उघडा पडतो. कधी खोड उभे चिरते. हे दृश्य कुऱ्हाडीचा घाव बसल्यासारखे दिसते.

नांगरताना किंवा पावसाने माती वाहून गेल्यावर सापडणाऱ्या अश्मयुगीन कुऱ्हाडींनी या समजुतीला पुरावाच पुरवला. गुळगुळीत, धारदार असा दगड वीज पडताना आकाशातून येतो, ही समजूत युरोपात आणि आफ्रिकेत रूढ होती. शांगोच्या उपासनेत असे दगड पवित्र मानले जातात. १७२३ मध्ये आंत्वान द ज्युसिय या फ्रेंच शास्त्रज्ञाने या दगडांची तुलना अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या दगडी हत्यारांशी केली आणि ते माणसाने घडवलेले असल्याचे दाखवले.

वज्र

इंद्राच्या वज्रात वरील तिन्ही धागे एकत्र येतात. ऋग्वेदात ते त्वष्ट्याने घडवलेले आहे. ते बहुधा धातूचे, पण काही ठिकाणी दगडाचे म्हटले आहे, आणि त्याला शंभर पेरे असल्याचेही वर्णन येते. दधीची ऋषींच्या अस्थींपासून वज्र घडवल्याची सर्वपरिचित कथा महाभारतात व पुराणांत विस्ताराने येते. पहिल्या मंडलातील बत्तिसाव्या सूक्तात इंद्र वज्राने वृत्राला मारतो आणि अडलेले पाणी मोकळे करतो. तेथे पडलेल्या वृत्राला कुऱ्हाडीने तोडलेल्या झाडाची उपमा दिली आहे. कुऱ्हाडीसाठी आलेला ‘कुलिश’ हा शब्द पुढे वज्राचाच पर्याय झाला.

यास्काच्या निरुक्तात वृत्राविषयी दोन मते नोंदवली आहेत. निरुक्तकारांच्या मते वृत्र म्हणजे मेघ, तर ऐतिहासिकांच्या मते तो त्वष्ट्याचा पुत्र असलेला असुर. पहिल्या मताला कोकणातील ऋतुचक्र जुळते. महाड-पोलादपूर भागात विजांचा कडकडाट मुख्यतः मे महिन्यातील वळवाच्या आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात होतो. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत तो कमी असतो. उन्हाळ्याच्या शेवटी तरी घाव आधी आणि पाणी नंतर, असाच क्रम अनुभवास येतो. अर्थात ऋग्वेदाची रचना वायव्य भारतात झाली असल्याने हे साम्य कथेच्या उगमाचा पुरावा ठरत नाही.

वज्राचे सगोत्र इराणी परंपरेतही आहे. अवेस्तात मिथ्र या देवाच्या हाती शंभर गाठींचे आणि शंभर धारांचे ‘वझ्र’ असते. याच शब्दापासून फारसी ‘गुर्ज’ हा गदावाचक शब्द झाला आणि तो फारसीतून मराठीत आला. त्यामुळे मराठेशाहीच्या शस्त्रांत गणला जाणारा गुर्ज आणि इंद्राचे वज्र हे शब्द एकाच मुळाचे आहेत.

स्पष्टीकरणाच्या मर्यादा

सर्वच आयुधे विजेच्या निरीक्षणातून आलेली नाहीत. गदा हे अनेक प्राचीन समाजांत राजसत्तेचे चिन्ह होते आणि देवांचा राजा म्हणूनही ती देवाच्या हाती येऊ शकते. प्रत्येक समाज आपल्या परिचयाचे हत्यार देवाला देतो: इंका लोकांचा इल्यापा गोफण फिरवतो. मूर्तीत आयुध नेहमी असतेच असेही नाही. पुणे जिल्ह्यातील भाजे लेण्यांच्या एका विहारात हत्तीवर आरूढ असलेली आकृती परंपरेने इंद्राची मानली जाते, परंतु ही ओळख सर्वमान्य नाही. तेथे वादळाचा जोर सूचित होतो तो हत्तीने सोंडेत धरलेल्या उन्मळलेल्या झाडावरून.